दीड सेंटीमीटरची फट

प्रश्न: "मी एक लघुकथा लिहितो आहे. निवृत्त गणित शिक्षक नातवाचा गृहपाठ तपासतात आणि त्यांचं उत्तर पुस्तकामागच्या उत्तराशी जुळत नाही. तीन खर्डे झाले, पण गोष्ट खोटी वाटते. उदाहरण म्हणून मी वर्तुळाचं क्षेत्रफळ घेतलं होतं. कोणतं उदाहरण घ्यावं? आणि शेवटी कोण बरोबर ठरावं, आजोबा की पुस्तक?"

तुमच्या गोष्टीची अडचण मला शेवटात दिसत नाही, उदाहरणात दिसते. मी तीस वर्षांहून जास्त काळ गणित शिकवलं. उत्तरसूच्या तयार केल्या, दुसऱ्यांच्या तपासल्या, आणि निवृत्तीनंतर कथा लिहू लागलो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. गणित शिक्षक पात्र म्हणून घेतला की त्याची नजरही घ्यावी लागते. ती नजर काय पाहते हे लेखकाला ठाऊक नसेल, तर वाचकाला नेमकं बोट ठेवता येत नाही, पण गोष्ट खरी वाटत नाही.

वर्तुळाचंच घ्या. त्रिज्या ७ असेल तर २२/७ घेऊन क्षेत्रफळ १५४ येतं आणि ३.१४ घेऊन १५३.८६. तुमच्या खर्ड्यात आजोबा १५४ वर अडून बसत असतील आणि पुस्तक १५३.८६ म्हणत असेल. पण ज्याने आयुष्यभर गणित शिकवलं त्याला ते दोन आकडे शेजारी दिसताक्षणी कारण कळतं. तो मान वर न करता म्हणेल, "यांनी ३.१४ घेतलंय." तिथे गोष्ट संपली. (खरं उत्तर १५३.९४ च्या आसपास आहे, म्हणजे दोघांच्या मधोमध. त्यातून एक वेगळी गोष्ट निघू शकेल, पण ती मतभेदाची नसेल.) छपाईच्या चुकीचंही तसंच. ५४ च्या जागी ४५ छापलं असेल तर शिक्षक दुसऱ्या मिनिटाला ओळखतो, पेन्सिलीने दुरुस्त करतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

तुम्हाला असं उदाहरण हवं आहे, जिथे नातवाने सूत्र बरोबर वापरलंय, गुणाकार बरोबर केलाय, उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळतंय आणि आजोबांनीही लाल पेनाने बरोबरची खूण करून टाकली आहे. आणि तरीही ते चूक आहे. मग आजोबांचं उत्तर वेगळं म्हणजे दुसरा आकडा नव्हे. त्यांचं उत्तर असं की असा त्रिकोण अस्तित्वातच नाही.

मी हे उदाहरण घेईन:

"एका काटकोन त्रिकोणाचा कर्ण १५ सेंमी आहे. कर्णावर टाकलेल्या शिरोलंबाची लांबी ९ सेंमी आहे. तर त्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढा."

पुस्तकामागचं उत्तर: ६७.५ चौसेमी. पाया गुणिले उंची भागिले दोन. पंधरा नव्वे एकशे पस्तीस, त्याचे निम्मे साडेसदुसष्ट. सातवी-आठवीचा मुलगा हे अर्ध्या मिनिटात सोडवतो, आणि तपासणाराही तितक्याच वेळात खूण करतो.

हा सापळा जुना आहे, हे सांगून ठेवतो. कर्ण १० आणि शिरोलंब ६ असं याचंच एक रूप रशियन गणितज्ञ व्लादिमीर अर्नोल्ड सांगत असत, आणि गणिताच्या वर्तुळात ते अनेकांना माहीत आहे. म्हणून मी आकडे बदलले. १५ आणि ९ घेण्यामागे आणखी एक कारण आहे. ९, १२, १५ हे काटकोन त्रिकोणाचं शाळेतलं ओळखीचं त्रिकूट आहे. त्यामुळे ९ आणि १५ एका उदाहरणात दिसले की हात आपोआप विश्वासाने पुढे जातो. उदाहरण तयार करणाऱ्याचाही तसाच गेला असेल, असं कथेत न सांगताही जाणवतं.

आता चूक कुठे आहे ते पाहू. काटकोन त्रिकोणाचा कर्ण हा व्यास धरून अर्धवर्तुळ काढलं, तर काटकोनाचा शिरोबिंदू त्या अर्धवर्तुळावरच येतो. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे आपण शाळेत शिकतो. आजोबांनी तर ते किती वर्गांना शिकवलं असेल. आता अर्धवर्तुळाचं सर्वांत उंच टोक व्यासापासून किती वर असणार? त्रिज्येइतकं, म्हणजे साडेसात. कर्ण १५ असलेल्या कोणत्याही काटकोन त्रिकोणात कर्णावरचा शिरोलंब साडेसातपेक्षा मोठा होऊच शकत नाही. नऊ म्हणजे दीड सेंटीमीटर जास्त झाले.

कथेच्या दृष्टीने अवघड जागा ही आहे की आजोबांना शंका यावी कशी? सूत्राने आजोबांचंही उत्तर साडेसदुसष्टच येणार. इथे पुष्कळ लेखक "त्यांना काहीतरी खटकलं" असं लिहून पुढे सरकतात. पण जुन्या शिक्षकाला उगाच काही खटकत नाही. त्याला सवयी असतात, आणि त्या सवयींमधून गोष्ट पुढे सरकते. भूमिती शिकवणाऱ्याची सर्वांत जुनी सवय म्हणजे आकृतीशिवाय उत्तर न स्वीकारणं. उत्तर बरोबर असलं तरी तो विचारतो, आकृती कुठे आहे? मी स्वतः हा प्रश्न इतक्या वेळा विचारला आहे की आजही कुणाची वही समोर आली की नजर आधी समासाकडे जाते.

म्हणून शंका आजोबांच्या डोक्यात येऊ देऊ नका, नातवाच्या पट्टीखाली येऊ द्या. मी तो प्रसंग असा लिहीन:

लाल खूण करून झाल्यावर आजोबांनी वही त्याच्याकडे सरकवली.

"आकृती?"

"आकृती काढा असं म्हटलंच नाहीये."

"म्हटलेलं नसतं. काढायची असते."

नातवाने सुस्कारा टाकला आणि पट्टी घेतली. आडवी रेघ ओढली, पंधरा सेंटीमीटर. डाव्या टोकावर उभी रेघ, नऊ. दोन्ही टोकं जोडली. कोपऱ्यात काटकोनाची छोटी चौकट काढून त्याने वही परत सरकवली.

"कर्ण कुठला यातला?"

त्याने तिरक्या रेघेवर बोट ठेवलं.

"मोज."

"कशाला? पंधरा आहे ना."

"मोज तर खरं."

पट्टी तिरकी धरून त्याने डोळा बारीक केला. "साडेसतरा." मग स्वतःच आकृतीकडे पाहिलं. "अरे, पंधरा मी खाली घेतले."

नवीन पान. या वेळी पंधराची रेघ खाली आणि तिच्या मधोमध नऊचा लंब. वरच्या टोकापासून दोन्हीकडे रेघा. कोनमापक उलटा धरून त्याने वरचा कोन मोजला.

"ऐंशी."

"किती हवा?"

"नव्वद." तो थांबला. "लंब बाजूला सरकवून बघू?"

"बघ."

लंब एका टोकापासून पाच सेंटीमीटरवर घेतला. कोन सत्त्याहत्तर. तीनवर घेतला. बहात्तर.

"आजोबा, हा कमीच होत चाललाय."

आजोबा आता खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

इथे आकडे हेच असू द्या. मी ते गणिताने काढून पाहिले आहेत. लंब बरोबर मधोमध असताना कोन सर्वांत मोठा असतो, आणि तोही ८० अंशांच्या किंचित आतच. टोकाकडे सरकू तसा तो लहान होत जातो. मुलाने कितीही प्रयत्न केले तरी नव्वद येणार नाही. हे लेखकाला माहीत आहे, आजोबांच्या लक्षात येऊ लागलं आहे आणि मुलगा अजून खोडरबर घेऊन बसला आहे. प्रसंगातला ताण तिथून येतो, त्यासाठी आवाज चढवायची गरज नाही.

मुलाची पहिली आकृतीही गाळू नका. वर्गात हे उदाहरण दिलं, तर पुष्कळ मुलं पहिल्यांदा हीच चूक करतात. काटकोन म्हटला की तो खाली डावीकडेच, आणि दिलेल्या दोन लांबी म्हणजे त्याच्या दोन भुजा. १५ आणि ९ या काटकोन करणाऱ्या बाजू धरल्या तर क्षेत्रफळ साडेसदुसष्टच येतं आणि आकृती अगदी सुबक दिसते. फक्त कर्ण साडेसतरा होतो, ते कुणी मोजत नाही. उत्तरसूची लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कदाचित हीच आकृती असेल.

पुढचा भाग आजोबांच्या हातांचा आहे:

त्यांनी कंपासपेटी ओढून घेतली. कंपासचा स्क्रू सैल होता, तो नखाने पिळला. नव्या पानावर पंधराची रेघ, साडेसातवर टोक रोवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमान काढली.

"या कमानीवर कुठेही टिंब दे. कुठेही. दोन्ही टोकांना जोड आणि कोन मोज."

एक नव्वद आला. दुसरा एकोणनव्वद.

"तो तुझ्या पेन्सिलीचा. टोक कर."

टोक केल्यावर नव्वद आला. मग आजोबांनी खालच्या रेघेपासून नऊ सेंटीमीटर वर, तिला समांतर एक रेघ ओढली. नातू वहीवर वाकला. रेघ कमानीच्या वरून निघून गेली होती. मधे मोकळा कागद होता. त्याने तिथे तर्जनी आडवी ठेवली. ती मावली.

"टेकतच नाही."

"नाही टेकत."

"मग माझं उत्तर चूक आहे?"

"तुझा गुणाकार बरोबर आहे."

"पण त्रिकोणच नाहीये."

"नाहीये."

तो बराच वेळ मागच्या पानावरच्या खुणेकडे पाहत राहिला. "मग साडेसदुसष्ट हे कशाचं क्षेत्रफळ आहे?"

या प्रश्नाला आजोबांनी लगेच उत्तर देऊ नये. मीही दिलं नसतं. कारण उत्तर त्या वहीतच पडलेलं आहे आणि ते मुलाने शोधावं असं कोणत्याही शिक्षकाला वाटेल. कमान येण्याआधी त्याने चार त्रिकोण काढले: खाली काटकोन असलेला, मग ऐंशीचा, सत्त्याहत्तरचा, बहात्तरचा. चारही त्रिकोणांचा पाया १५, चौघांची उंची ९. चौघांचं क्षेत्रफळ साडेसदुसष्ट. आणि चौघांपैकी एकही पुस्तकातला नाही. पहिल्यात कर्ण १५ नाही, उरलेल्या तिघांत काटकोन नाही. उदाहरणातला "काटकोन" एवढा एकच शब्द काढून कर्णाऐवजी पाया म्हटलं, तर पुस्तकाचं उत्तर निर्दोष होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कोण बरोबर ठरावं. हे थोडं तुमच्या वाचकावर अवलंबून आहे. मुलांसाठी लिहीत असाल तर आकृतीवर थांबलेलं चांगलं, कारण फट डोळ्यांना दिसते आणि तेवढा पुरावा पुरतो. मोठ्यांसाठी लिहीत असाल तर आजोबांना एकट्याने एक रात्र द्या. कारण अनुभवी शिक्षक छापील उत्तराच्या विरोधात गेला की तो आधी पुस्तकावर शंका घेत नाही, स्वतःवर घेतो. हे मी सहकाऱ्यांमध्ये पाहिलं आहे आणि स्वतः अनुभवलं आहे. निवृत्तीनंतर तर ती शंका वाढते. रोजचा वर्ग सुटलेला असतो, अभ्यासक्रम बदललेला असतो, आपल्याला न कळवता एखादी व्याख्या बदलली असेल का, असंही मनात येऊन जातं.

म्हणून मुलगा झोपल्यावर आजोबा तीन गोष्टी तपासतील. पहिली, वाक्य. "कर्णावर टाकलेला शिरोलंब" असंच छापलंय ना, की आपण "बाजू" च्या जागी शिरोलंब वाचला? पुस्तक दिव्याखाली धरून ते शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचतील. नऊचा आकडा सहा तर नाही ना, हेही पाहतील. सहा असते तर उदाहरण चाललं असतं, कारण सहा साडेसातच्या आत आहे. दुसरी गोष्ट, हत्यारं. घरातल्या कंपासने, बोथट पेन्सिलीने काढलेल्या आकृतीत मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. दीड सेंटीमीटर म्हणजे पंधरा मिलिमीटर. इतकी चूक हाताची नसते.

तिसरी गोष्ट बीजगणित. आकृतीने पटतं, पण जुन्या शिक्षकाचं मन त्यावर थांबत नाही. काटकोन करणाऱ्या बाजू अ आणि ब मानल्या, तर पायथागोरसप्रमाणे अ आणि ब यांच्या वर्गांची बेरीज २२५ व्हायला हवी. क्षेत्रफळ ६७.५ असेल तर अ गुणिले ब हे १३५, आणि दुप्पट २७०. आता अ वजा ब चा वर्ग करायचा: वर्गांच्या बेरजेतून ती दुप्पट वजा केली की झालं. २२५ मधून २७० गेले.

उणे ४५.

दोन लांबींच्या फरकाचा वर्ग उणे आला. कागदावर ही ओळ उमटली की आजोबांनी पेन खाली ठेवावं. याहून जास्त काही लिहू नका. "त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं" वगैरे तर नकोच. समाधान पसरत नाही. माझ्या बाबतीत तरी त्या क्षणी दुसरंच काहीतरी आठवलं होतं.

ते सांगतो, कारण तुमच्या कथेला त्याचा उपयोग होईल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका चाचणीत मी स्वतः याच जातीचं उदाहरण घातलं होतं. आकडे वेगळे, चूक हीच. उत्तरसूचीही माझीच. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी सूत्र लावून माझं उत्तर आणलं आणि पूर्ण गुण घेतले. एका मुलीच्या उत्तरपत्रिकेवर तीन अर्धवट आकृत्या होत्या, तिन्ही खोडलेल्या, आणि खाली एकच ओळ: "आकृती जमत नाही." उत्तराची जागा कोरी. मी शून्य दिलं. बाजूला लाल शाईने "सूत्र पाठ करा" असंही लिहिलं. काही वर्षांनी दुसऱ्या वर्गासाठी तोच प्रश्न फळ्यावर नीट मापाने काढायला गेलो आणि हातातला मोठा लाकडी कंपास रेघेपर्यंत पोहोचेना, तेव्हा मला ती उत्तरपत्रिका आठवली. त्या संपूर्ण वर्गात तिचं एकटीचं उत्तर बरोबर होतं. तोवर ती शाळा सोडून गेली होती.

तुमच्या आजोबांच्या मागे असं काही असेल, तर "आजोबा की पुस्तक" हा प्रश्नच बदलतो. मग ते पुस्तकावर विजय मिळवणारे राहत नाहीत. छापील सूचीच्या बाजूने उभं राहून त्यांनीही कधीतरी कुणाच्या कोऱ्या जागेवर काट मारलेली असते. ही आठवण कथेत घालावी की नाही, ते तुम्ही ठरवा. घातलीत तर दोन-तीन वाक्यांतच घाला आणि नातवाला ती सांगू नका. मुलगा झोपलेला असावा.

दुसऱ्या दिवशीच्या शाळेबद्दल. इथे बहुतेक खर्ड्यांत नातवाची शिक्षिका किंवा शिक्षक हटवादी निघतात, आजोबा शाळेत जातात, भांडण होतं. तसं करू नका. ते खोटं असतं असं नाही, पण फार सोपं असतं. ज्याच्यासमोर चाळीस वह्यांचा गठ्ठा आहे तो सूची हाताशी घेऊन तपासतो. मीही तसाच तपासत असे, आणि तसं केल्याशिवाय त्या वह्या वेळेत परत जात नाहीत. तेव्हा प्रश्न शिक्षकाच्या स्वभावाचा ठेवू नका. प्रश्न असा ठेवा: उद्या वही देताना त्या पानावर नेमकं काय लिहिलेलं असावं?

यात आजोबांना खरोखर निवड करावी लागते. फक्त ६७.५ ठेवलं तर मुलाला गुण मिळतात, पण काल रात्री त्याने बोट ठेवून पाहिलेली फट वहीतून गायब होते. ६७.५ खोडून "असा त्रिकोण नाही" एवढंच लिहिलं तर सूचीप्रमाणे ते चूक ठरण्याची शक्यता मोठी. मी शिक्षक म्हणून जे सुचवलं असतं ते असं: आधी सूत्राने आलेलं उत्तर, जसं आहे तसं. त्याखाली अर्धवर्तुळाची आकृती. आणि तिच्याखाली मुलाच्या शब्दांत एक ओळ, "कर्ण १५ असेल तर लंब ७.५ पेक्षा मोठा होत नाही, म्हणून हा त्रिकोण काढता येत नाही." तपासणाऱ्याला गुण द्यायला आकडा सापडतो आणि थांबून पाहायचं असेल तर आकृतीही सापडते. ओळ मुलाच्या हातची असायला हवी. आजोबांनी लिहिली तर ती तक्रार होते.

आणि आजोबांची ती लाल खूण? तिचं काय करायचं हे मला कथेतलं सर्वांत अवघड काम वाटतं. खोडली तर मुलाचा बरोबर गुणाकारही खोडल्यासारखा होतो. तशीच ठेवली तर त्यांनी न पाहता केलेली खूण तशीच राहते. माझ्या खर्ड्यात मी त्यांना ती ठेवू देईन आणि तिच्या शेजारी तारीख घालायला लावीन. मग खाली आकृतीशी दुसरी खूण, तिच्याही शेजारी तारीख. तपासलेल्या वहीत खुणेजवळ तारीख घालणं ही जुन्या शिक्षकांची सवय असतेच, त्यामुळे ते ओढूनताणून वाटणार नाही. पहिली खूण संध्याकाळची आणि दुसरी मध्यरात्रीनंतरची असेल, तर दोन तारखा वेगळ्या येतील. वाचकाच्या ते लक्षात येईल, सांगावं लागणार नाही.

पुस्तकाला पत्र लिहायचा प्रसंग हवा असेल तर तो थोडक्यात घ्या. अशा पत्रात इयत्ता, आवृत्तीचं वर्ष, पृष्ठ क्रमांक, उदाहरण क्रमांक आणि दोन ओळींत कारण एवढंच असतं. सोबत दुरुस्ती सुचवलेली असते. सुचवायला दोन-तीन वाटा आहेत, आणि आजोबांनी कोणती निवडली यावरून ते कसे शिक्षक होते हे कळेल. "शिरोलंब" च्या जागी "एक बाजू" केलं, तर दुसरी बाजू १२ येते आणि क्षेत्रफळ ५४. शिरोलंब ९ ऐवजी ७.२ केला तरी तोच ९, १२, १५ चा त्रिकोण मिळतो आणि क्षेत्रफळ पुन्हा ५४. तिसरी वाट म्हणजे आकडे तसेच ठेवायचे आणि शेवटचं वाक्य बदलायचं: "असा त्रिकोण काढता येईल का? कारण द्या." माझे आजोबा तिसरी वाट सुचवतील. पण दुरुस्ती झाली की नाही, हे कथेत येऊ देऊ नका. पत्र पाठवणं आणि पुढची आवृत्ती हातात पडणं यात इतका काळ जातो की तोवर नातू पुढच्या इयत्तेत गेलेला असतो.

शेवटची सूचना लिहिण्याबद्दल. आकृती कथेबरोबर छापू नका. नातवाची तर्जनी त्या फटीत मावली, एवढं वाक्य आकृतीचं काम करतं. पण तुम्ही स्वतः मात्र ती काढाच. कोऱ्या कागदावर १५ ची रेघ ओढा, ९ चा लंब तीन ठिकाणी घ्या, तिन्ही कोन मोजा. कुठेही ऐंशीच्या वर कोन आला, तर लंब सरळ नाही किंवा नऊचं माप चुकलंय असं समजा. मग कमान काढा आणि वर समांतर रेघ. कंपास सरकला तर कागदाला किती भोकं पडतात, खोडलेल्या रेघेचा वळ कसा राहतो, मुलाने टोक केल्यावर रेघ किती बारीक होते, हे सगळं त्या कागदावर तुम्हाला मिळेल. तो कागद समोर ठेवून चौथा खर्डा लिहा.